सी-सॉवर एक पोरगं जड, एक हलकं: फळी किती जोरात खाली जाते ते कसं काढायचं

रंकाळ्याकडच्या बागेत सी-सॉवर दोन पोरं बसली आणि जड पोरगं धपकन खाली गेलं हे सगळ्यांनीच बघितलंय, पण "जड पोरगं खाली जातं" एवढ्यावर थांबायचं नाही. फळी सोडल्या सोडल्या किती त्वरणानं फिरायला लागते, म्हणजे कोनीय त्वरण किती, हा आकडा घरबसल्या काढता येतो, आणि गणित अकरावीच्या पलीकडचं नाही. फक्त एका जागी जवळपास सगळे घसरतात, ती जागा नीट समजली की झालं.

आधी माप घ्या. आपण लाकडी फळी धरूया, ४ मीटर लांब, बरोबर मधोमध आधार. थोरला ३० किलोचा आणि धाकटी २० किलोची, दोघंही आधारापासून दीड मीटरवर बसलीत. अंतर फळीच्या टोकापर्यंत मोजू नका, पोरगं जिथं बसलंय तिथपर्यंत मोजा. फळीचं वजन पण लागणार, पण ती उचलून काट्यावर कोण ठेवणार, म्हणून अंदाज असा काढा की २५ सेंटीमीटर रुंद, ४ सेंटीमीटर जाड आणि ४ मीटर लांब म्हणजे ०.०४ घनमीटर लाकूड, सागवानासारखं लाकूड घनमीटरला साधारण ६०० किलो भरतं, म्हणजे फळी झाली २४ किलो. तुमच्या बागेत लोखंडी पाइपचा सी-सॉ असेल तर वजन वेगळं येईल, रीत तीच.

आता टॉर्क. प्रत्येक पोराचं वजन गुणिले आधारापासूनचं अंतर. थोरल्याचा ३० × ९.८ × १.५ म्हणजे ४४१ न्यूटन-मीटर, धाकटीचा २९४. (कोल्हापुरात g खरंतर ९.७८ च्या आसपास आहे, पण त्यानं फार काही बिघडत नाही, ९.८ चालतंय.) दोघं फळीला उलट बाजूंनी फिरवतायत म्हणून इथं वजाबाकी करायची, उरले १४७ न्यूटन-मीटर. फळीचा स्वतःचा टॉर्क शून्य, कारण तिचा अर्धा भाग इकडं आणि अर्धा तिकडं.

आणि आता ती घसरायची जागा. टॉर्कमध्ये वजाबाकी केली म्हणून पुढं जडत्व आघूर्ण काढताना पण लोक ३० वजा २० करून १० किलोच घेतात, नाहीतर फळीचा टॉर्क शून्य आला म्हणून फळीला गणितातून पार काढूनच टाकतात. दोन्ही चूक. जडत्व म्हणजे हलायला केलेला विरोध, आणि फळी फिरली की थोरला पण हलणार, धाकटी पण हलणार, फळी पण हलणार, कोण वर जातंय कोण खाली जातंय याचा इथं काही संबंध नाही, जे जे हलवायचंय ते सगळं बेरजेत येतं. म्हणून टॉर्कची वजाबाकी, जडत्वाची बेरीज, हे डोक्यात पक्कं बसवा.

थोरल्याचं ३० × १.५ × १.५ म्हणजे ६७.५, धाकटीचं तसंच ४५, आणि फळी मधोमध टेकलीय म्हणून तिला ML²/12 लावायचं, म्हणजे २४ × १६ भागिले १२, ते झालं ३२. एकूण १४४.५ किलोग्रॅम-मीटर². पोरं एका बिंदूत बसलीत असं आपण धरलंय, खऱ्या पोराचं अंग पसरलेलं असतं, त्यानं दोनतीन टक्के फरक पडेल तो सोडून द्या.

शेवटचा भागाकार:

α = τ / I = १४७ / १४४.५ = १.०२ रेडियन प्रति सेकंद वर्ग

फळी विसरला असता तर १४७ भागिले ११२.५ म्हणजे १.३१ आलं असतं, जवळजवळ तीस टक्के जास्त. फळीचा टॉर्क शून्य असूनही तिचा एवढा वाटा.

उत्तर बरोबर आलंय का ते तपासायला एक फार सुंदर रीत आहे, मला तर सगळ्यात जास्त हीच आवडते. थोरला १.०२ × १.५ म्हणजे साधारण १.५३ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणानं खाली जातोय, म्हणजे तो फळीवर आपल्या पूर्ण २९४ न्यूटननं दाबतच नाही, फक्त ३० × (९.८ − १.५३) म्हणजे २४८ नं दाबतो. धाकटी वर ढकलली जातेय म्हणून ती १९६ च्या जागी २२६.५ नं दाबते. या दोन दाबांतला फरक साधारण २१.७, गुणिले दीड मीटर, आले ३२.५ न्यूटन-मीटर. आणि एकट्या फळीला फिरवायला किती लागतात? ३२ × १.०२, तेवढेच की! जुळलं. सी-सॉ खाली जाताना पोटात हलकं वाटतं ते याच कमी झालेल्या दाबामुळं.

आता थोरल्याला ३० सेंटीमीटर पुढं सरकवा, १.२ मीटरवर. टॉर्कचा फरक ५८.८ राहतो, म्हणजे आधीच्या ४० टक्के. पण त्वरण ४० टक्क्यांवर येत नाही, कारण थोरला जवळ आल्यामुळं त्याचं जडत्व पण ६७.५ वरून ४३.२ वर उतरलं, एकूण १२०.२, आणि α आला ०.४९, म्हणजे आधीच्या ४८ टक्के. टॉर्क अंतराच्या पटीत बदलतो आणि जडत्व अंतराच्या वर्गाच्या पटीत, त्याचा हा परिणाम. बरोबर १ मीटरवर बसवला की टॉर्क शून्य.

हे सगळं फळी आडवी असताना सोडली त्या क्षणाचं आहे. कललेल्या फळीवर वजनाचा टॉर्क किंचित कमी होतो, पण पोरांचं अंग फळीच्या वर असतं त्यामुळं दोघांचाही भार खालच्या बाजूला झुकतो आणि टॉर्क उलट वाढतो, म्हणून खाली पोचेपर्यंत १.०२ च कायम राहील असं समजू नका.

मोबाईलवर मोजून बघायचं असेल तर मोठ्या माणसानं फळी आडवी धरून सोडायची, पोरांनी पाय वर घ्यायचे आणि थोरल्याच्या बाजूचं टोक जमिनीला लागायच्या आत दुसऱ्या मोठ्या माणसानं धरायचं. आधार अर्धा मीटर उंच असेल तर टोक टेकेपर्यंत फळी ०.२५ रेडियन फिरते, आणि α = २θ / t² या हिशोबानं साधारण ०.७ सेकंद लागायला पाहिजेत. इथं वेळेचा वर्ग आहे म्हणून साध्या ३० फ्रेमच्या व्हिडिओत एका फ्रेमची चूक झाली तरी उत्तर नऊदहा टक्क्यांनी हलतं, स्लो मोशनमध्ये २४० फ्रेमवर घ्या म्हणजे ती चूक एका टक्क्याच्या आसपास येते.

तरीही वेळ बरीच जास्त येत असेल तर आधी कुणाचा पाय जमिनीला लागतोय का बघा. आधाराची पिन ज्या कड्यात फिरते त्या बुशला ग्रीस असेल तर त्याचं घर्षण एवढा फरक पाडत नाही, दोनतीन न्यूटन-मीटरच्या घरात असतं ते. पाय वर आहेत आणि तरी फरक मोठा, म्हणजे बुश गंजून जाम असणार. पोरांना उतरवून मोकळी फळी आडवी करा आणि एका टोकाला १ किलो पिठाची पिशवी ठेवा, तिचा टॉर्क होतो १९.६ न्यूटन-मीटर, एवढ्यानंही फळी हलली नाही तर पिनला ग्रीस लागणार.