पिशवीतल्या चिठ्ठ्यांवरून बाळाच्या वाढीचा तक्ता कसा भरावा

घाटंजीकडची एखादी आई तपासणीला येते तेव्हा पिशवीतून चुरगळलेल्या चिठ्ठ्या, माता बाल संरक्षण कार्ड आणि खासगी दवाखान्याचा कागद असं सगळं एकदम बाहेर पडतं. लगेच तक्त्यावर ठिपके मारायला बसू नका. आधी जन्मतारीख, जन्मवजन आणि गर्भाचे आठवडे शोधा. आठवडे बहुधा डिस्चार्ज कार्डावरच सापडतात, आणि तेच नसले की पुढचं सगळं चुकतं.

समजा, मुलगी 10 जानेवारीला, 32 आठवड्यांची जन्मली, म्हणजे 8 आठवडे आधी. तिचं वय जन्मापासून न मोजता 7 मार्चपासून मोजायचं. ही दुरुस्ती दोन वर्षांपर्यंत चालते. लसी मात्र खऱ्या जन्मतारखेनेच.

आता प्रत्येक वजन तारखेसह एका ओळीत लिहा: 10 जुलैला 5.4 किलो, 12 ऑगस्टला 7.5, 10 ऑक्टोबरला 5.8. तारीख नसलेलं वजन तक्त्यावर घ्यायचं नाही, बाजूला टिपून ठेवायचं.

जुलैत खऱ्या वयाने ती सहा महिन्यांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मुलींच्या तक्त्यात तेव्हा कमी वजनाची रेषा (उणे 2 एसडी) 5.7 किलोवर असते, म्हणून ती कमी वजनाची दिसते. दुरुस्त वय चार महिने, तिथली रेषा 5.0, म्हणजे ती ठीक आहे.

ऑगस्टचे 7.5 खटकतात. महिन्यात दोन किलो वाढ होत नाही. आकडे उलटे पडले असावेत, पण अंदाजाने खोडू नका. चिठ्ठीतलं तसंच उतरवून प्रश्नचिन्ह द्या आणि अंगणवाडीचं रजिस्टर पाहा. तिथे 5.7 निघालं, तर स्रोत लिहून तोच ठिपका द्या.

मग खरी गोष्ट दिसते: तीन महिन्यांत जेमतेम 400 ग्रॅम. ऑक्टोबरला दुरुस्त वय सात महिने, रेषा 6.0 वर, मुलगी 5.8 वर. जुलैत उगाच घाबरलो असतो, ऑक्टोबरची घसरण मात्र खरी आहे.

विकासाच्या टप्प्यांना चिठ्ठ्या फारशा उपयोगी नाहीत. 'बसते' एवढंच लिहिलेलं असतं. आधाराने की बिनआधार, ते आईलाच विचारावं लागतं. महिना आठवत नसेल तर सण धरा. "पोळ्याले बसाले लागली, पण उशी लावून," एवढं कळलं तरी पुरे. दुरुस्त सात महिन्यांना आधाराने बसणं चालतं. बिनआधार बसणं सव्वानऊ महिन्यांपर्यंत येऊ शकतं. टप्प्यापुढे 'स्वतः पाहिलं' की 'आईने सांगितलं' ते लिहा. नोंद नसेल तर 'नोंद नाही' लिहा, 'करत नाही' नव्हे.

चार्टवर जाणारी नोंद इतकीच: '32 आठवडे. दुरुस्त वय 7 महिने, वजन 5.8 किलो, उणे 2 एसडीखाली; जुलैपासून 400 ग्रॅम वाढ. आधाराने बसते (आईने सांगितलं). 12 ऑगस्टचं वजन रजिस्टरवरून. लांबीची नोंद नाही, आज मोजावी.'