आई-बाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला घरातल्या विनोदाची शुभेच्छा कशी लिहावी

"आई-बाबा, लग्नाच्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! आपली जोडी अशीच सदैव आनंदी राहो." हा मजकूर शेजारच्या काका-काकूंना पाठवला तरी चालेल, आणि नेमकी तीच त्याची अडचण आहे. तो बदलायला अर्धा तास पुरतो.

1. आधी घरात फिरणारं वाक्य शोधा. 'सुंदर आठवण' शोधायला बसलं की काही सुचत नाही. त्याऐवजी दोघांपैकी एकजण नेहमी म्हणतो आणि बाकीचे हसतात असं वाक्य आठवा. समजा, बाबांचं वाक्य आहे, "रस्ता मला माहीत आहे." ज्याच्यावर विनोद आहे तो माणूस स्वतःही तो किस्सा चारचौघांत रंगवून सांगत असेल, तरच घ्या. एकानेच हसायचं आणि दुसऱ्याने गप्प बसायचं, असा विनोद सोडून द्या.

2. त्या वाक्याचा एकच प्रसंग निवडा. जागा, एखादी वस्तू आणि कुणाचं तरी बोलणं एवढं हवं. तपशिलाची खात्री भावंडांकडून करून घ्या. चुकला तर आई तिथल्या तिथे दुरुस्त करते आणि शुभेच्छा बाजूला राहते.

3. विनोदाशेजारी माया ठेवा. हे बहुतेकांचं राहून जातं. नुसता विनोद चिडवल्यासारखा वाटतो. त्याच प्रसंगात एकाने दुसऱ्यासाठी काय केलं, ते आठवा. माया, प्रेम हे शब्द न वापरता फक्त ती कृती लिहा.

4. घरात बोलता तसंच लिहा. आईला 'तू' आणि बाबांना 'तुम्ही' म्हणत असाल, तर दोघांशी वेगवेगळं बोला. 'आपली', 'आपणांस' आलं की पत्र कचेरीतलं वाटतं.

आता तोच मजकूर असा होतो:

> बाबा, "रस्ता मला माहीत आहे" म्हणालात आणि त्या पावसात आपण एकाच पेट्रोल पंपावर तिसऱ्यांदा पोचलो. आई, तू काच खाली करून पंपावरच्या दादांना विचारलंस, "ओळखलंत ना?" आणि पुढचा रस्ताभर बाबांचा चष्मा पुसून देत राहिलीस. आज 30 वर्षं पूर्ण झाली. पुढचं वळण बाबाच ठरवतील, चष्मा आई पुसेल. दोघांना खूप खूप शुभेच्छा!

शेवटी विनोद परत आलाय, पण त्याचा अर्थ सांगितलेला नाही. "आठवतंय ना, किती हसलो होतो!" हे वाक्य जोडायचा मोह होतो, ते जोडलं की हसू विरतं. किस्साही पहिल्यापासून सांगू नका, त्यांना तो पाठ आहे.

वर्षं मोजताना लग्नाचं साल चालू सालातून वजा करा, त्यात एक मिळवू नका: 1995 चं लग्न असेल तर 2025 मध्ये 30 वर्षं पूर्ण होतात. आणि मजकूर नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकणार असाल, तर पैसे, आजारपण किंवा सासर-माहेर यांवरचा विनोद तिथे नको. तो दोघांना वेगळा पाठवा.