नोकरी सोडताना हँडओव्हर नोट कशी लिहावी: साइनिंग की, बिल्ड आणि माहीत असलेल्या अडचणी

नागपुरात मिहान आणि आयटी पार्कमधल्या मोठ्या कंपन्या सोडल्या, तर धरमपेठ-प्रतापनगरच्या गल्ल्यांमध्ये दोन-चार माणसांची बरीच ऑफिसं आहेत. तिथे एक ॲप बहुतेक वेळा एकाच माणसाच्या हातात असतं. त्याला पुण्याची नोकरी लागते आणि शेवटच्या आठवड्यात मालक म्हणतात, "जाता जाता एक नोट लिहून ठेव रे." मग जी नोट लिहिली जाते, तिचा सारांश असतो "सगळा कोड गिटवर आहे". कोड असतोच. पण ज्या गोष्टींवाचून पुढचं अपडेट अडतं, त्या मुद्दामच गिटवर ठेवलेल्या नसतात. साइनिंग की, तिचा पासवर्ड आणि त्या एका लॅपटॉपवरच्या सेटिंग्ज. नोट मुख्यतः त्यांच्यासाठी लिहायची असते.

उदाहरण म्हणून कळमना मार्केटमधल्या अडत दुकानासाठी केलेलं एक अँड्रॉइड ॲप घेऊ. शेतकऱ्याचा संत्र्याचा माल आला की वजन, भाव, हमाली, तोलाई भरायची आणि छोट्या ब्लूटूथ प्रिंटरवर पट्टी काढून द्यायची, एवढंच त्याचं काम. ॲप प्ले स्टोअरवर आहे. आंबिया बहाराची आवक सुरू झाली की त्यात काही बिघडून चालत नाही.

पायरी १: आधी की कोणती, ते ठरवा

"की ड्राइव्हवर आहे" या वाक्याचा उपयोग नाही, कारण की दोन असू शकतात. ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवर नवीन ॲप टाकायचं तर ते एएबी स्वरूपात द्यावं लागतं, आणि फोनवर पोचणाऱ्या ॲपवर शेवटची सही गूगलकडे ठेवलेल्या ॲप साइनिंग कीने होते. तुमच्या हातात असते ती अपलोड की. फाईल तुम्हीच पाठवली, हे गूगलला कळावं एवढ्यासाठी ती असते.

हा फरक नोटमध्ये पहिल्याच ओळीत हवा, कारण की हरवली तर काय होईल हे त्यावर ठरतं. अपलोड की हरवली, तर प्ले कन्सोलच्या खात्याचा मालक ती बदलून मागू शकतो. थोडे दिवस जातात, पण ॲप वाचतं. त्याआधीच्या काळातलं जुनं ॲप असेल आणि त्याची मूळ की कधीच गूगलकडे दिलेली नसेल, तर मात्र तुमच्या हातातली की हीच एकमेव. ती गेली की त्या ॲपला पुन्हा अपडेट देता येत नाही. नव्या पॅकेज नावाने नवं ॲप टाकावं लागतं, आणि प्रत्येक दुकानदाराला ते वेगळं उतरवून घ्यायला सांगावं लागतं.

पायरी २: कीचा पत्ता लिहा, की लिहू नका

नोट चार जणांच्या हातात जाते, व्हॉट्सॲपवरही फिरते. म्हणून तिच्यात पासवर्ड नको आणि कीस्टोअरची फाईलही जोडायची नाही. लिहायचं ते असं:

> ही अपलोड की आहे. ॲप साइनिंग की गूगलकडे आहे.
> फाईल: upload-key.jks, एलियस: upload
> जागा: कंपनीच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये, या ॲपच्या नोंदीला जोडलेली. दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर, ऑफिसच्या कुलूपबंद कपाटात.
> पासवर्ड: त्याच पासवर्ड मॅनेजरमध्ये. कपाटातल्या पेन ड्राइव्हसोबत ठेवलेला नाही.
> प्रवेश: मालक आणि नवीन डेव्हलपर.
> प्ले कन्सोलचं खातं: कंपनीच्या ईमेलवर, मालकांच्या नावे.

शेवटची ओळ साधी दिसते, पण ती आवर्जून तपासा. छोट्या ऑफिसात पहिलं ॲप घाईत टाकताना डेव्हलपरच्या स्वतःच्या जीमेलवर खातं उघडलेलं असतं. तसं असेल तर नोटच्या आधी ॲप कंपनीच्या खात्यावर हलवायचं काम उरकायला हवं.

आणि .jks फाईल कधी चुकून गिटमध्ये गेली असेल, तर नुसती डिलीट करून ती जात नाही, जुन्या कमिटमध्ये राहते. रिपॉझिटरी कोणाकोणाकडे आहे ते बघून अपलोड की बदलून घेणं हाच खरा उपाय.

पायरी ३: कीची ओळख नोटमध्ये नोंदवा

सहा महिन्यांनी कपाटातला पेन ड्राइव्ह हाती आला आणि त्यावर तीन .jks फाईली निघाल्या, तर खरी कोणती? नावावरून कळणार नाही. प्रत्येक कीच्या सर्टिफिकेटचा फिंगरप्रिंट असतो आणि तो गुप्त नसतो, त्यामुळे नोटमध्ये बिनधास्त लिहिता येतो. तो असा काढा:

```
keytool -list -v -keystore upload-key.jks -alias upload
```

पासवर्ड दिल्यावर SHA1 आणि SHA256 अशा दोन ओळी दिसतील. दोन्ही नोटमध्ये जशाच्या तशा चिकटवा. मग प्ले कन्सोलमध्ये ॲप साइनिंगच्या पानावर अपलोड कीच्या सर्टिफिकेटखाली तेच आकडे आहेत का, ते एकदा स्वतः जुळवून पाहा. जुळले नाहीत, तर तुम्ही भलतीच फाईल सुपूर्द करताय. तुम्ही ऑफिसात असतानाच हे कळलेलं बरं.

पायरी ४: बिल्डच्या पायऱ्या दुसऱ्या लॅपटॉपवर लिहा

स्वतःच्या मशीनवर बसून आठवणीतून पायऱ्या लिहिल्या, तर नेमक्या सवयीच्या गोष्टी सुटतात. नवीन डेव्हलपरच्या लॅपटॉपवर कोड क्लोन करा. कीबोर्ड त्याच्याकडे द्या, तुम्ही शेजारी बसा आणि जे जे तोंडाने सांगावं लागलं ते लिहून घ्या.

आपल्या ॲपच्या बाबतीत पहिला अडथळा जावाचा येतो. अँड्रॉइड ग्रॅडल प्लगइन ८.० पासून पुढे जेडीके १७ लागतो. अँड्रॉइड स्टुडिओ स्वतःसोबत आणलेला जेडीके वापरतो, टर्मिनल मात्र मशीनवर असलेला दुसराच उचलतो. म्हणून "स्टुडिओत चालतं, टर्मिनलवर चालत नाही" अशी तक्रार येते. नोटमध्ये "जेडीके १७, JAVA_HOME तिकडेच वळलेला हवा" एवढं लिहिलं की हा अडथळा संपतो.

दुसरा अडथळा गिटमध्ये नसलेल्या फाईलींचा. आपल्या ॲपमध्ये कीची माहिती keystore.properties या फाईलमधून येते आणि ती .gitignore मध्ये आहे. नवीन मशीनवर ती हाताने बनवावी लागते, म्हणून तिचा रिकामा साचा नोटमध्ये द्या:

```
storeFile=
storePassword=
keyAlias=upload
keyPassword=
```

storeFile पुढे तुमच्या होम फोल्डरचा पत्ता राहिला असेल, तर नव्या मशीनवर `not found for signing config 'release'` असं वाक्य येऊन बिल्ड थांबेल. हे वाक्य आणि त्याचा उपाय शेजारी शेजारी लिहून ठेवा. नवा माणूस एरर कॉपी करून नोटमध्येच शोधतो. त्यानंतर खरी कमांड:

```
./gradlew clean bundleRelease
keytool -printcert -jarfile app/build/outputs/bundle/release/app-release.aab
```

दुसरी ओळ बरेच जण टाळतात, पण मी ती कधीच सोडू देत नाही. साइनिंगची सेटिंग जोडलेली नसेल, तरी काही प्रोजेक्टमध्ये बिल्ड यशस्वी झाल्याचं दिसतं आणि फाईलही त्याच नावाने तयार होते, फक्त तिच्यावर सही नसते. दुसरी कमांड अशा वेळी सही नसल्याचं सांगते. सही असेल तर फिंगरप्रिंट दाखवते, आणि तो पायरी ३ मधल्या आकड्यांशी जुळला पाहिजे. चुकीच्या कीने सही केलेली फाईल प्ले कन्सोल नाकारतं आणि अपेक्षित व आलेला असे दोन्ही फिंगरप्रिंट दाखवतं. तो संदेश आला तर कोड चाळत बसू नका, कीस्टोअर तपासा.

versionCode प्रत्येक वेळी वाढवायचा, आणि तो कोणत्या फाईलमध्ये आहे तेही लिहायचं.

पायरी ५: माहीत असलेल्या अडचणी

"प्रिंटरचा कधीकधी प्रॉब्लेम येतो" असं लिहिलं, तर पुढच्याला काहीच हाती लागत नाही. प्रत्येक अडचणीत काय दिसतं, कधी दिसतं, का होतं, तोवर काय करायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे आलं पाहिजे. आपल्या ॲपच्या दोन नोंदी पाहा.

पहिली प्रिंटरची. दुकानातून फोन येतो, "भाऊ, पट्टी निघतच नाही, काल तर निघत होती." अँड्रॉइड १२ पासून जोडलेल्या ब्लूटूथ उपकरणाशी बोलायला वापरकर्त्याची वेगळी परवानगी लागते. दुकानातला नवा पोरगा ती खिडकी आली की "नको" दाबून मोकळा होतो. तोवरचा उपाय म्हणजे फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲपच्या परवानग्यांत जाऊन "जवळपासची उपकरणे" सुरू करणे. कायमचा उपाय, म्हणजे परवानगी नसेल तर मराठीत स्पष्ट संदेश दाखवणे, अजून बाकी आहे, असं नोटमध्ये सरळ लिहायचं. त्याच नोंदीत हेही हवं की पट्टी ३८४ ठिपके रुंदीचं चित्र बनवून प्रिंटरला पाठवली जाते. ५८ मिलिमीटरच्या या प्रिंटरला देवनागरी अक्षरं येत नाहीत, म्हणून तसं केलं आहे. नव्या माणसाला तो कोड उगाच लांबवलेला वाटेल आणि तो साधा मजकूर पाठवायला जाईल. मग शेतकऱ्याच्या नावाच्या जागी भलतीच चिन्हं छापून येतील.

दुसरी लॉगिनची, आणि ही थेट कीशी जोडलेली आहे. ऑफिसात बनवलेल्या एपीकेमध्ये गूगल लॉगिन व्यवस्थित चालतं, प्ले स्टोअरवरून उतरवलेल्या त्याच ॲपमध्ये कोड 10 देऊन बंद पडतं. कारण स्टोअरवरच्या ॲपवर सही गूगलकडच्या कीची असते आणि तिचा SHA1 वेगळा असतो. फायरबेसच्या प्रोजेक्टमध्ये तो वेगळा नोंदवावा लागतो. आपल्याकडे तो नोंदवलेला आहे, म्हणून आज काही दिसत नाही. पण फायरबेसमध्ये दोन-तीन फिंगरप्रिंट पाहून कोणी "जास्तीचे" काढून टाकले, तर ऑफिसच्या चाचणीत सगळं ठीक दिसेल आणि बाजारात लॉगिन बंद पडेल. म्हणून नोटमध्ये कोणता फिंगरप्रिंट कोणत्या कीचा, ते नावानिशी लिहा आणि पुढे "काढू नये" असा शेरा द्या.

पायरी ६: तुम्ही असतानाच रंगीत तालीम घ्या

शेवटच्या दिवसाच्या किमान आठवडाभर आधी नवीन डेव्हलपरला एकट्याला बसवा. पासवर्ड मॅनेजरमधून की त्याने स्वतःच्या खात्याने उतरवावी, versionCode वाढवावा, बिल्ड करावं, फिंगरप्रिंट जुळवावा आणि प्ले कन्सोलच्या इंटर्नल टेस्टिंगमध्ये टाकावं. मग ते तिथून फोनवर घेऊन लॉगिन करावं आणि एक खोटी पट्टी छापून बघावी. तुम्हाला विचारावा लागलेला प्रत्येक प्रश्न त्याच संध्याकाळी नोटमध्ये घाला.

ते अपडेट जुन्या ॲपवर नीट बसलं, की तुमच्या लॅपटॉपवरची .jks आणि keystore.properties पुसा. मालकांना तुमचा प्ले कन्सोल, फायरबेस आणि पासवर्ड मॅनेजरमधला प्रवेश काढायला सांगा, आणि तो काढल्याची तारीख नोटच्या तळाशी त्यांच्याच हाताने लिहून घ्या.