टीमच्या पोस्टरसाठी फोटो: सावली आधी बघा

सीझनच्या पोस्टरवर अकरा जणांचे फोटो वेगवेगळ्या दिवशी काढलेले असले, की बघणाऱ्याला आधी खटकते ती नाकाखालची सावली. एकाची डावीकडे, दुसऱ्याची उजवीकडे. ब्राइटनेस कितीही जुळवला तरी हे लपत नाही.

म्हणून जागा एकच ठरवा. आम्ही क्लबच्या पत्र्याच्या शेडखाली, उघड्या बाजूपासून दोन पावलं आत, जमिनीवर खडूने खूण करतो. उजेड प्रत्येकाच्या डाव्या गालावर येतो. मोबाइल स्टँडवर छातीच्या उंचीला, खुणेपासून तीन मीटरवर, झूम २x. जवळून काढला तर नाक मोठं दिसतं आणि खांदे अरुंद.

एखादा नंतर आला, तर त्याचा फोटो त्याच जागी, त्याच वेळेला काढा. उजेड जुळवायला फोटो आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटा करू नका: जर्सीवरचं नाव उलटं होतं आणि उजव्या हाताचा बॅट्समन डावखुरा होतो!

जोडताना सगळ्यांचे डोळे एका आडव्या रेषेवर आणा, हनुवटीपासून कपाळापर्यंतचं अंतर सारखं ठेवा आणि सगळ्यांना कमरेवरच कापा. उंच-बुटके मागच्या-पुढच्या रांगेत बसवायचे असतील, तर रांगेगणिक रेषा वेगळी.