आख्खी प्रिंट काढण्याआधी एक पट्टी काढा

गोदाघाटाच्या जलरंग चित्राची प्रिंट काढली की पायऱ्यांचा करडा दगड पुष्कळदा हिरवट नाहीतर जांभळट उतरतो. करड्या रंगातली चूक डोळ्याला सगळ्यात आधी टोचते.

1. फाइलमधले तीन तुकडे मूळ मापातच घ्या: दगडाचा करडा, पाण्यावरचा सर्वांत फिका वॉश, कमानीखालची गडद सावली. ते एका पट्टीत जोडा.
2. पट्टी शेवटी वापरणार त्याच कागदावर आणि त्याच प्रिंटरवर काढा. दिवसभर वाळू द्या, शाई बसताना छटा थोडी बदलते.
3. दिवसा खिडकीपाशी, थेट ऊन टाळून, पट्टी मूळ चित्राला लावून पाहा. ट्यूबलाइटखाली ठरवू नका.
4. पसंत पडलेल्या पट्टीमागे पेन्सिलीने कागद, फाइल आणि सेटिंग लिहा. 25 प्रतींच्या आवृत्तीतल्या 10 आत्ता आणि उरलेल्या दिवाळीत काढल्या, तरी 11/25 ही 1/25 सारखीच दिसायला हवी. तेव्हा हीच पट्टी कामी येते.

ताजी प्रिंट लगेच गुंडाळू नका. वाळल्यावर ग्लासीन कागद लावून किमान 3 इंच व्यासाच्या नळीत सैल गुंडाळा. अरुंद नळीत जाड कॉटन कागदाला कायमचा बाक येतो.