फ्रॅक्चरच्या जोखमीचा हिशोब करताना वयाबाबत होणाऱ्या या चुका टाळा

ज्येष्ठ महिलांच्या हाडांची तपासणी करताना वापरला जाणारा फ्रॅक्स हा कॅल्क्युलेटर शेफील्ड विद्यापीठाने 2008 साली उपलब्ध करून दिला. पुढील 10 वर्षांत खुब्याचे किंवा ठिसूळपणामुळे होणारे अन्य मोठे फ्रॅक्चर होण्याची शक्यता तो टक्क्यांत सांगतो. हाडाची घनता सारखीच असली, तरी 80 वर्षांच्या स्त्रीची खुब्याच्या फ्रॅक्चरची शक्यता 50 वर्षांच्या स्त्रीपेक्षा कितीतरी जास्त निघते, कारण या गणितात वय ही घनतेपासून स्वतंत्र अशी नोंद आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक याच मुद्द्याच्या विसरामुळे होते. समजा, 78 वर्षांच्या एका महिलेच्या डेक्सा या हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीच्या अहवालात मांडीच्या हाडाच्या मानेचा टी-स्कोअर −2.6 आणि झेड-स्कोअर −0.8 आहे. टी-स्कोअर तिची तुलना तरुण स्त्रियांशी करतो, तर झेड-स्कोअर तिच्याच वयाच्या स्त्रियांशी. म्हणजे वयानुसार झालेली झीज झेड-स्कोअरमधून आधीच वजा झालेली असते. घाईत −0.8 भरले गेले, तर कॅल्क्युलेटर तिची हाडे जवळजवळ तरुण स्त्रीसारखी धरतो, जोखीम बरीच कमी दाखवतो आणि पडद्यावर कोणतीही सूचना येत नाही. यावर चांगला उपाय म्हणजे अहवालातील घनता ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये भरून डेक्सा यंत्राची कंपनी निवडणे; मग टी-स्कोअर कॅल्क्युलेटरच काढतो आणि तो अहवालाशी ताडून पाहता येतो. कणा किंवा मनगट यांचा स्कोअर मात्र येथे चालत नाही.

दुसरी चूक वयाच्या मर्यादेची आहे. फ्रॅक्स 40 ते 90 वर्षांसाठी आहे. 94 लिहिले तरी हिशोब 90 चाच होतो.

तिसरी बाब निकाल वाचण्याची आहे आणि ती जाणकारांनाही चकवते. फ्रॅक्स 10 वर्षांच्या आत मृत्यू येण्याची शक्यताही हिशोबात धरतो. त्यामुळे अतिवृद्ध वयात आकडा वाढायचा थांबतो, कधी तर घटतो. याचा अर्थ हाडे सुधारली असा मुळीच नव्हे. 88 वर्षांच्या स्त्रीला या वर्षी पडून फ्रॅक्चर होण्याचा धोका मोठा असू शकतो, पण पूर्ण 10 वर्षे जगण्याची शक्यता कमी असल्याने टक्केवारी मर्यादित राहते. फ्रॅक्चरची जोखीम सांगणारा गार्व्हन हा दुसरा कॅल्क्युलेटर मृत्यूचा असा हिशोब करत नाही, म्हणून या वयात दोन्हींचे आकडे जुळले नाहीत तर नोंद चुकली असे लगेच समजू नये. उलट, गार्व्हन गेल्या वर्षभरात किती वेळा पडणे झाले हे विचारतो आणि फ्रॅक्सच्या मूळ प्रश्नावलीत ते नाही. त्यामुळे वारंवार तोल जाणाऱ्या वृद्धेसाठी फ्रॅक्सचा आकडा प्रत्यक्ष धोक्यापेक्षा कमी आहे, असेच धरावे लागते.