दिवाळी पहाटेच्या तिकिटांचे कोड : दार उघडण्यापूर्वीची तयारी

मोकळ्या मैदानावर दिवाळी पहाटेचा कार्यक्रम आहे, तिकिटे १५०० आहेत, प्रवेशद्वारे तीन आहेत आणि गायन साडेपाचला सुरू होणार आहे, असे गृहीत धरून ही तयारी मांडली आहे. अशा कार्यक्रमाला बहुतेक रसिक शेवटच्या चाळीस मिनिटांतच येतात. म्हणजे प्रत्येक दारावर साधारण ५०० माणसे आणि प्रत्येक तिकिटासाठी पाच सेकंदांहूनही कमी वेळ. तेवढ्या वेळात स्वयंसेवकाला तिकिटाचा कागद निरखून खरे-खोटे ठरवता येत नाही. तो निर्णय कोडने आणि त्यामागच्या डेटाबेसनेच घ्यायचा असतो, म्हणून तिकीटविक्री सुरू होण्यापूर्वी पुढील गोष्टी पक्क्या कराव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे कोडमध्ये कोणताही अर्थ भरू नये. आसन क्रमांक, ग्राहकाचा मोबाईल क्रमांक किंवा विक्रीचा अनुक्रम यांपैकी काहीही त्यात असता कामा नये, कारण ज्याच्या हातात DP-0417 असे तिकीट आहे त्याला DP-0418 तयार करायला कसलेही कौशल्य लागत नाही. आसन, नाव, रक्कम ही सगळी माहिती डेटाबेसमधल्या ओळीत राहील आणि कोड फक्त त्या ओळीपर्यंत नेईल. अनुक्रम टाळून सहा अंकी यादृच्छिक आकडा घेतला, तरी काम भागत नाही. दहा लाख आकड्यांपैकी १५०० खरे असतील, तर सरासरी दर ६६७ अंदाजांमागे एक अंदाज बरोबर येतो. शिवाय इतक्या तिकिटांत निदान दोघांना एकच आकडा मिळण्याची शक्यता तीनात दोन इतकी मोठी असते.

म्हणून बत्तीस चिन्हांचा संच आणि दहा अक्षरांची लांबी घ्यावी. डग्लस क्रॉकफर्ड यांनी सुचवलेल्या संचात शून्य ते नऊ हे अंक आणि I, L, O, U वगळून उरलेली इंग्रजी अक्षरे आहेत. त्यामुळे शून्य आणि O, किंवा एक आणि I, यांचा घोळ मुळातच होत नाही. अशा दहा चिन्हांपासून दोनाचा पन्नासावा घात, म्हणजे सुमारे ११ कोटी कोटी वेगवेगळे कोड होतात. १५०० तिकिटे विकली गेल्यावरही एखादा अंदाज लागण्याची शक्यता सुमारे ७५ हजार कोटींत एक इतकी राहते. यापेक्षा लांब कोड घेण्यात सुरक्षेची हानी नाही. मात्र पडदा फुटलेल्या मोबाईलवरचा कोड कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवत असताना दहाच अक्षरे टाइप करावी लागणे हा मोठा दिलासा असतो, आणि मला ही लांबी त्यासाठीच योग्य वाटते.

दुसरी गोष्ट म्हणजे यादृच्छिकता कुठून येते ते तपासावे. वर दिलेले गणित खरे ठरण्यासाठी प्रत्येक अक्षर खरोखरच अंदाज न येण्यासारखे निवडले गेले पाहिजे. पायथॉनमधले `random` हे खेळ आणि प्रयोगांसाठी आहे. त्यामागचे मर्सेन ट्विस्टर असे आहे, की त्याचे ३२ बिटांचे सलग ६२४ आकडे मिळाले तर पुढचे सगळे आकडे काढता येतात. तिकिटांसाठी `secrets` वापरावे, कारण ते यादृच्छिक आकडे थेट ऑपरेटिंग सिस्टिमच्या सुरक्षित स्रोतातून घेते.

```python
import secrets
ABC = "0123456789ABCDEFGHJKMNPQRSTVWXYZ"

def new_code():
    return "".join(secrets.choice(ABC) for _ in range(10))
```

ऑर्डर क्रमांकाचा किंवा वेळेचा MD5 काढून त्याची पहिली दहा अक्षरे वापरण्याची पद्धत अजूनही दिसते, आणि ती कटाक्षाने टाळावी. असा कोड दिसायला अगदी अनाकलनीय असतो. पण ऑर्डर क्रमांक १ ते ५००० असतील, तर कोणीही घरच्या संगणकावर क्षणार्धात पाच हजारही कोड काढून ठेवू शकतो.

दोन तिकिटांना एकच कोड जाणे आता जवळजवळ अशक्य असले, तरी डेटाबेसमध्ये `code` या स्तंभावर `UNIQUE` ही अट घालावीच, आणि ती मोडली गेली तर नवा कोड काढून पुन्हा नोंद करावी. याच ठिकाणी आणखी एक अट लागते, आणि ती हमखास विसरली जाते. पैसे भरल्याची सूचना पेमेंट गेटवेकडून कधीकधी दोनदा येते. प्रत्येक सूचनेला नवा कोड दिला, तर एकाच पैशात दोन खरी तिकिटे तयार होतात आणि दोन्ही दारावर निर्वेध चालतात. ऑर्डर क्रमांक आणि त्या ऑर्डरमधला तिकिटाचा क्रमांक या जोडीवरही `UNIQUE` ठेवावे, आणि ही अट मोडली गेली तर नवा कोड न काढता पहिलेच तिकीट परत द्यावे.

कोड कितीही भक्कम असला, तरी तो ग्राहकापर्यंत ज्या वाटेने जातो ती वाट उघडी असेल तर सारी मेहनत वाया जाते. तिकिटाची पीडीएफ `/ticket?order=1043` अशा पत्त्यावर ठेवली असेल, तर १०४३ च्या जागी १०४४ टाकणाऱ्याला दुसऱ्याचे तिकीट उघडता येते. त्यासाठी कोडचा अंदाज बांधण्याची गरजच पडत नाही. स्वतःच्या ऑर्डरच्या दुव्यात एक आकडा बदलून पाहावा. दुसऱ्याचे तिकीट उघडले, तर विक्री थांबवून दुरुस्ती करावी आणि तोवर दिलेले सगळे कोड बदलावेत. दुव्यात ऑर्डर क्रमांकाऐवजी लांब यादृच्छिक मजकूर असावा. ‘आपले तिकीट तपासा’ असे सर्वांसाठी खुले पान ठेवू नये, आणि ठेवावेच लागले तर एका ठिकाणाहून मिनिटाला मोजकेच प्रयत्न चालतील अशी मर्यादा घालावी.

क्यूआरमध्ये फक्त कोडची दहा अक्षरे असावीत. मोठ्या लिपीतली अक्षरे आणि अंक यांसाठी क्यूआरची वेगळी, आटोपशीर रीत आहे. त्या रीतीने दहा चिन्हे सर्वांत लहान, २१ बाय २१ चौकटींच्या आकारात त्रुटी-दुरुस्तीच्या सर्वोच्च पातळीसह नेमकी मावतात. चौकटी मोठ्या राहिल्यामुळे मंद प्रकाशातही कोड चटकन वाचला जातो. क्यूआरखाली तोच कोड ठळक अक्षरांत छापावा.

आता दाराकडे वळू, आणि तयारीचा सर्वाधिक वेळ इथेच द्यावा असे माझे ठाम मत आहे. दिवाळी पहाटेला खोटा कोड बनवून येणारा क्वचितच भेटतो. खरे तिकीट व्हॉट्सॲपच्या घरगुती गटावर टाकले जाते आणि त्याचा स्क्रीनशॉट घेऊन चौघे चार वेळा येतात, हा प्रकार मात्र नेहमीचा आहे. कोडवर डिजिटल सही करूनही हे थांबत नाही, कारण सही तिकिटाचा अस्सलपणा सिद्ध करते आणि स्क्रीनशॉटही तितकाच अस्सल असतो. तिकीट वापरले गेले की नाही हे फक्त एका ठिकाणी ठेवलेल्या नोंदीतूनच कळू शकते.

ती नोंद कशी केली जाते, यावर सगळे अवलंबून आहे. आधी तिकीट वापरलेले आहे का हे वाचायचे आणि नसेल तर वापरले अशी नोंद करायची, अशा दोन पायऱ्या ठेवल्या तर त्यांच्यामध्ये फट राहते. पती ‘अ’ दारावर आणि पत्नी ‘ब’ दारावर एकाच क्षणी तेच तिकीट दाखवत असतील, तर दोन्ही वाचनांना ते न वापरलेलेच दिसते आणि दोघेही आत जातात. म्हणून तपासणी आणि नोंद एकाच आज्ञेत करावी.

```sql
UPDATE tickets
SET used_at = now(), gate = 'B', scan_id = :scan_id
WHERE code = '7K2MQ9XW4D'
  AND status = 'paid'
  AND used_at IS NULL;
```

या आज्ञेने एक ओळ बदलली तर प्रवेश द्यावा, आणि एकही बदलली नाही तर तिकीट सापडले नाही, रद्द झाले की आधीच वापरले गेले, हे नंतर पाहावे. दोन दारांवरून एकाच वेळी आज्ञा आल्या, तर पोस्टग्रेस दुसरीला पहिली पूर्ण होईपर्यंत थांबवते आणि मग अट पुन्हा तपासते. तेव्हा `used_at` भरलेले असते, त्यामुळे दुसरीकडे शून्य ओळी येतात.

वरच्या आज्ञेतला `scan_id` एका वेगळ्या अडचणीसाठी आहे. स्कॅन सर्व्हरपर्यंत पोहोचला, नोंद झाली आणि उत्तर परत येताना नेटवर्क तुटले, असे गर्दीत वारंवार होते. मग स्वयंसेवक पुन्हा स्कॅन करतो, पडद्यावर ‘आधीच वापरलेले’ असे लाल अक्षरांत उमटते आणि प्रामाणिक ग्राहकावर संशय येतो. यासाठी उत्तर येईपर्यंत मोबाईलने त्या कोडसाठी एकच यादृच्छिक `scan_id` जपून ठेवावा आणि प्रत्येक पुनर्प्रयत्नात तोच पाठवावा. सर्व्हरला शून्य ओळी दिसल्या, पण साठवलेला `scan_id` तोच निघाला, तर त्याने पुन्हा हिरवेच उत्तर द्यावे. हिरवे उत्तर मिळताच मोबाईलने तो `scan_id` टाकून द्यावा, नाहीतर मागून आलेला स्क्रीनशॉटही त्याच आधारावर आत जाईल.

मैदानावर हजारभर मोबाईल एकत्र आल्यावर मोबाईल इंटरनेटवर विसंबून राहू नये. आयोजकांचा एक लॅपटॉप, त्यावर तिकिटांचा डेटाबेस आणि तीनही दारांपर्यंत पोहोचणारा स्वतःचा वायफाय राउटर, दोन्हींना बॅटरीचा आधार, एवढे असले की बाहेरचे इंटरनेट गेले तरी नोंद एकाच ठिकाणी होत राहते. मैदान इतके मोठे असेल की हेही शक्य नाही, तर प्रत्येक तिकिटावर ‘अ’, ‘ब’ किंवा ‘क’ असे एकच दार छापावे आणि त्या दारावरच्या एकाच मोबाईलमध्ये त्याच तिकिटांची यादी ठेवावी. मग मोबाईल एकमेकांशी बोलू शकले नाहीत तरी एक तिकीट दोन दारांवर चालणार नाही. मात्र प्रत्येक मोबाईलने आपापली यादी स्वतंत्रपणे तपासायची आणि तिकीट कुठेही चालू द्यायचे, ही तडजोड स्वीकारू नये, कारण तिच्यात एक स्क्रीनशॉट तीन वेळा आत जातो.

‘आधीच वापरलेले’ हे उत्तर आल्यावर काय करायचे, हेही आधी ठरवावे. पडद्यावर पहिल्या प्रवेशाची वेळ, दार, ग्राहकाचे नाव आणि मोबाईलचे शेवटचे चार अंक दिसावेत. ‘पाच वाजून बारा मिनिटांनी ‘अ’ दारावरून या तिकिटावर एक व्यक्ती आत गेली आहे’ एवढे शांतपणे सांगितले, की बहुतेकांना आपल्या घरातले कोण ते आठवते. तरीही वाद राहिला, तर रांग न अडवता त्यांना बाजूच्या मदत टेबलावर पाठवावे. दारावरच्या स्वयंसेवकाकडे नोंद पुसण्याचा अधिकार असू नये. तो अधिकार टेबलावरच्या एका जबाबदार व्यक्तीकडेच असावा, आणि पुसलेल्या प्रत्येक नोंदीखाली तिचे नाव व कारण राहावे.

आदल्या संध्याकाळी मैदानावरच, खऱ्या राउटरवर रंगीत तालीम करावी. चाचणीचे एक तिकीट दोन मोबाईलवर एकदम स्कॅन करावे आणि एकीकडे हिरवे, दुसरीकडे लाल येते ना, हे किमान वीस वेगवेगळ्या तिकिटांवर पाहावे. स्कॅन पाठवताच मोबाईलचे वायफाय बंद करून पुन्हा सुरू करावे आणि पुनर्प्रयत्नाला हिरवेच उत्तर मिळते का ते तपासावे. कोड छोट्या लिपीत आणि शून्याच्या जागी O टाइप करून पाहावा. प्रणालीने तो निमूटपणे दुरुस्त करून स्वीकारला पाहिजे. तालीम आटोपल्यावर चाचणीची सर्व तिकिटे रद्द करावीत आणि डेटाबेसमध्ये `used_at` भरलेली एकही विकलेली ओळ नाही, याची खात्री करूनच लॅपटॉप बंद करावा.